साठेखतानंतर विक्रेता फिरला तर: खरेदीखत की भरपाई?

समजा, घराचं साठेखत 60 लाखांचं, इसार 10 लाख; आता भाव 72 लाख, म्हणून विक्रेता मागे फिरला. घरच हवं असेल तर करारपूर्तीचा, म्हणजे खरेदीखत करून मिळण्याचा दावा लावा. कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा आदेश देणं न्यायालयाच्या मर्जीवर उरलेलं नाही. पण उरलेले 50 लाख द्यायची तयारी सुरुवातीपासून होती हे सिद्ध करावं लागतं. इथंच दावे पडतात, म्हणून कर्जमंजुरीचं पत्र, बँकेचा उतारा जपा.

भरपाईत इसार परत आणि भावातला फरक, म्हणजे 12 लाख, मागता येतो. मात्र करारभंगाच्या दिवशीचा बाजारभाव सिद्ध करावा लागतो.

करारपूर्तीच्या दाव्यातच इसारपरतीची आणि भरपाईची पर्यायी मागणी लिहाच. दावा फेटाळला गेला, तर करारभंगाच्या भरपाईसाठी नवा दावा लावता येत नाही. करारपूर्तीचा दावा लावायची मुदत 3 वर्षं.