हँडओव्हरचा तक्ता: विभागवार की कामवार?

नोकरी सोडणाऱ्याकडून हँडओव्हर लिहून घ्यायचा तर नमुने दोनच प्रकारचे मिळतात. एकात चार तक्ते असतात: कामं, संपर्क, बाकी राहिलेलं आणि लॉगिन. दुसऱ्यात एकच लांबलचक तक्ता, एका कामाला एक ओळ, आणि त्या कामाचं बाकी सगळं त्याच ओळीत आडवं. वर्ड की एक्सेल, हा वाद मी बाजूला ठेवतो. खरा फरक मांडणीत आहे.

मी राबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्ममध्ये हिशेब बघतो. दोन्ही नमुने वापरून झालेत. पहिला मला दिला गेला आणि दुसरा नंतर मी केला, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही.

विभागवार नमुन्याची बाजू आधी मांडतो. लिहिणाऱ्याला तो सोपा जातो. माणूस आठवताना तसाच आठवतो: सगळे फोन नंबर एका दमात, मग सगळे पासवर्ड एका दमात. शेवटच्या दिवशी आयटीवाल्याला काय काय बंद करायचं हे एका पानावर मिळतं, एचआरला खाली सही मिळते. सेल्सच्या माणसाचं तर बहुतेक कामच संपर्कांचं. त्याच्या साठ गिऱ्हाइकांना कामवार ओळींत कोंबण्यात अर्थ नाही, तिथे मीही विभागवारच घेईन.

आता माझं काय झालं ते. आमचे आधीचे अकाउंटंट, ज्यांना सगळे काकाच म्हणायचे, ते ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाले. माणूस अतिशय नीटनेटका. चार पानी हँडओव्हर, प्रत्येक पानावर सही. कामांच्या पानावर जीएसटीचं महिन्याचं रिटर्न: ‘जीएसटीआर-३बी, दर महिन्याच्या २० तारखेला’. लॉगिनच्या पानावर पोर्टलचा युजर आयडी, पुढे ‘पासवर्ड दिला’. संपर्काच्या पानावर त्यांचा स्वतःचा नंबर, ‘अडलं तर फोन करणे’. बाकी कामांच्या पानावर ‘काही नाही’. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

२० सप्टेंबरला संध्याकाळी मी लॉगिन केलं, आकडे टॅलीशी जुळवले, टॅक्स भरला. रिटर्नवर सही करायची वेळ आली तेव्हा ओटीपी गेला काकांच्या मोबाइलवर आणि त्यांच्या खासगी मेलवर. अधिकृत सही करणारे म्हणून पोर्टलवर एकट्या त्यांचंच नाव. दोन्ही भागीदारांना संगणकाचा कंटाळा, म्हणून कधी काळी ते तसं नोंदवलं गेलं होतं. काका तेव्हा गुहागरला. त्या वर्षी गणपती १९ तारखेला बसले, म्हणजे २० ला दीड दिवसाचं विसर्जन. मोबाइल घरात, काका नदीवर. शेवटी पावणेदहाला त्यांचा फोन आला, “अरे, किती मिस्ड कॉल! सांग, काय अडलंय?” तिसऱ्यांदा मागवलेला ओटीपी त्यांनी वाचून दाखवला आणि रिटर्न गेलं. उशीर झाला असता तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागली असती. ती रक्कम मोठी नाही, पण पावणेदहापर्यंत माझ्या पोटात जो गोळा आला होता त्याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.

नंतर मी ती चार पानं पुन्हा वाचली. रिटर्न, लॉगिन आणि काकांचा नंबर या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या पानांवर होत्या, आणि त्यांना जोडणारा धागा फक्त काकांच्या डोक्यात होता. माझी तक्रार एवढीच आहे: विभागवार नमुन्यात प्रत्येक पान पूर्ण दिसतं आणि मधली जागा रिकामी आहे हे कुणालाच दिसत नाही. देणाऱ्यालाही नाही, सही करून घेणाऱ्यालाही नाही.

कामवार तक्त्यात तीच गोष्ट अशी येते. काम: जीएसटीआर-३बी. कधी: २० तारीख. कशावरून: टॅलीतला त्या महिन्याचा अहवाल, पोर्टलवरच्या खरेदीशी ताडून. लॉगिन कुणाच्या नावावर. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर. अडलं तर कोण: आमचे सीए. आज कुठवर आलंय: जुलैचं भरलं, एका पुरवठादाराची दोन बिलं अजून पोर्टलवर दिसत नाहीत. शेवटचा रकाना: घेणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहिलं, तारीख.

ओटीपीचा रकाना भरताना लिहिणाऱ्याला आपलाच नंबर लिहावा लागतो, आणि तिथे तो आपोआप थांबतो. त्याचा नोटीस पीरियड चालू आहे तोवर पोर्टलवर भागीदाराचं नाव जोडून घेता येतं, कारण त्या दुरुस्तीलाही आधी नोंदवलेल्या सहीचाच ओटीपी लागतो. माणूस गेल्यावर आणि फोन उचलेनासा झाल्यावर कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडे खेपा घालाव्या लागतात. पासवर्ड मात्र या तक्त्यात लिहायचा नाही, तो कुठे ठेवलाय एवढंच लिहायचं. हा तक्ता दहा जणांकडे फिरतो.

‘करून पाहिलं’ हा रकाना मी नंतर घातला. विभागवार नमुन्यात तो बसतच नाही, कारण फोन नंबर काही ‘करून’ बघता येत नाही. कामाची ओळ असली की देणाऱ्याला शेजारी बसवून घेणाऱ्याच्या हाताने ते काम एकदा होऊ शकतं. महिन्याची कामं तीस दिवसांच्या नोटीसमध्ये एकदा तरी येतातच.

कामवार नमुना खरा फसतो तो वर्षातून एकदा येणाऱ्या कामांवर. ती आठवतच नाहीत. ३० जूनचा व्यवसाय कर, वजनकाट्याची वार्षिक पडताळणी, आग विझवायच्या सिलिंडरची रिफिल. डिसेंबरात निघालेल्या माणसाला जूनचं काय आठवणार? मी आता देणाऱ्याला पाठवलेल्या मेलचा फोल्डर उघडून बारा महिने मागे जायला लावतो. अर्धा दिवस मोडतो, पण पाच-सहा ओळी नक्की वाढतात. आमच्याकडे तक्ता अडतीस ओळींवर गेला. वाचायला तो कंटाळवाणा आहे हे मान्य. सीएंचा नंबर त्यात नऊ वेळा आलाय, तेही मान्य.

आयटीवाल्याला लागणारी बंद करायची यादी लॉगिनच्या रकान्यावर फिल्टर लावला की निघते, त्यासाठी वेगळं पान मी ठेवत नाही. उलट एक फायदा झाला. एका पुरवठादाराच्या पोर्टलचं लॉगिन म्हणजे स्टोअरच्या मुलाचा कंपनीतला मेल आयडी होता. तो निघाला तेव्हा शेवटच्या दिवशी सरसकट मेल बंद झाला असता तर ऑर्डर अडल्या असत्या. ओळ वाचूनच ते लक्षात आलं आणि मेल महिनाभर मालकांकडे वळता केला.

तुमच्याकडे माणूस एकाच सिस्टिमवर एकच काम करत असेल तर विभागवार नमुना पुरेल, उगाच खटाटोप नको. पण एका माणसाकडे हिशेब, पीएफ, वीजबिल, बँक असं सगळं असेल, आणि छोट्या फर्ममध्ये ते असतंच, तर मी तरी कामवारच घेईन.

परवा माझाच तक्ता चाळत होतो. ओटीपीच्या रकान्यात दोन ओळींत अजून माझाच मोबाइल आहे, पीएफच्या आणि महावितरणच्या. धाकट्या भागीदारांना म्हटलं, तुमचा नंबर घालू या. ते म्हणाले, “गणपतीनंतर बघू.”