लेकीचं दूध बंद करून सात महिने बदाम ड्रिंक दिलं, नंतर सोया, आता परत गाईचं दूध: आमचा अनुभव

आमची चिऊ साडेतीन वर्षांची असताना तिला जोरदार जुलाब झाले, आणि ते थांबल्यावरही दूध प्यायलं की पोट गुडगुडायचं आणि पातळ शी व्हायची. डॉक्टर म्हणाले की जुलाबात आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं, त्यामुळे दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज काही दिवस पचत नाही, दोन आठवडे दूध थांबवा, दही चालेल, मग थोडं थोडं सुरू करा. आम्ही दोन आठवड्यांचे सात महिने केले, ही चूक पूर्णपणे आमची.

त्याचं कारण म्हणजे कॉलेज रोडच्या एका दुकानात मिळालेला बदाम ड्रिंकचा डबा. समोरच मोठ्या अक्षरात कॅल्शियम लिहिलेलं, मागे बघितलं तर 100 मिलीला 120 मिलीग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाइतकंच. मग काय, वाटलं प्रश्न मिटला. गवळ्याचा रतीब कमी केला आणि चिऊला सकाळ-संध्याकाळ 200 मिलीचा एकेक ग्लास हेच द्यायला लागलो. पोट एकदम शांत, तिला चवही आवडली, त्यामुळे काही चुकतंय असं वाटलंच नाही.

सुरुवातीला वजन 14.2 किलो होतं. सात महिन्यांनी लसीला गेलो तेव्हा 14.3. या वयात वर्षाला साधारण दोन किलो वाढायला हवं, म्हणजे किलोभर तरी दिसायला पाहिजे होतं. डॉक्टरांनी विचारलं, "ताई, दुधाच्या जागी काय देताय?" डब्याचा फोटो दाखवला तर त्यांनी कॅल्शियमकडे बघितलंच नाही, बोट ठेवलं ते प्रोटीनच्या ओळीवर: 100 मिलीला 0.5 ग्रॅम. गाईच्या दुधात सव्वातीनच्या आसपास असतं. म्हणजे दोन ग्लासांतून आधी 13 ग्रॅम मिळत होतं ते आता 2 ग्रॅम, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 16 ग्रॅम लागतं. आम्ही शाकाहारी, चिऊ डाळ दोन चमचे खाणार, मग बाकीचं येणार कुठून? शिवाय कॅलरीही गेल्या, दोन ग्लास दुधाच्या अडीचशेच्या वर आणि बिनसाखरेच्या बदामाच्या जेमतेम साठ. घटक वाचले तर बदाम फक्त 3 टक्के, बाकी बहुतेक पाणी, आणि कॅल्शियम वरून घातलेलं.

ते वरून घातलेलं कॅल्शियमही पोटात जात होतं का, हा पुढचा धक्का. घरी येऊन संपलेला डबा कात्रीने कापला तर तळाला खडूसारखा पांढरा थर, बोटाने खरवडला तर निघाला. घटकांत कॅल्शियम कार्बोनेट असं लिहिलेलं असतं, ते विरघळत नाही, खाली बसतं. मी डबा कधी नीट हलवलाच नव्हता. म्हणून सांगते, असलं कुठलंही ड्रिंक असो, प्रत्येक वेळी ग्लासात ओतण्याआधी जोरात हलवा. आणि घरी बदाम भिजवून गाळून केलेल्यात तर वरचं कॅल्शियमच नसतं. अहो आईंचं म्हणणं होतं की घरचंच करू, त्यांना हे पटवायला वेळ लागला.

मग सोया, बिनसाखरेचं, कॅल्शियम घातलेलं. प्रोटीन 100 मिलीला 3 ग्रॅम, म्हणजे दुधाच्या जवळ जाणारं. पण चिऊला वास आवडेना, कच्च्या शेंगांचा येतो, म्हणून नुसतं न देता नाचणी सत्वाच्या खिरीत खजूर घालून द्यायचे. नाचणी पेठ-सुरगाण्याकडची इथे सहज मिळते आणि तिच्यात स्वतःचं कॅल्शियम भरपूर असतं. ओटचं माझ्या चहासाठी आणलेलं, चहात छान लागतं, पण प्रोटीन 1 ग्रॅमच, मुलांना दुधाऐवजी नाही देणार.

टोरांटोत 2 ते 6 वर्षांच्या पाचेक हजार मुलांचा अभ्यास 2017 मध्ये आला होता. त्यात गाईचं दूध न पिता रोज तीन कप दुसरी ड्रिंक्स पिणारी तीन वर्षांची मुलं रोज तीन कप गाईचं दूध पिणाऱ्यांपेक्षा दीड सेंटीमीटरने बुटकी दिसली. त्याने कारण सिद्ध होत नाही, पण आमच्या घरचं चित्र बघून मला ते खरं वाटलं.

सोयासोबतच डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध पुन्हा सुरू केलं, आधी जेवणानंतर पाव कप, चार दिवसांनी अर्धा, काही झालं नाही. लॅक्टोजचा त्रास बहुतेक कधीच संपला होता, आम्ही तपासलंच नव्हतं. (दुधाची ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त, उलटी, धाप, ते वेगळं प्रकरण, तिथे घरी असे प्रयोग करू नका.) पाच महिन्यांनी वजन 15.4. जेवणही या काळात सुधारलं, त्यामुळे सगळं श्रेय दुधाला देत नाही.

आता रतीब परत चालू, दोन ग्लासच देतो, कारण जास्त दुधाने पोट भरतं, जेवण सुटतं आणि लोह कमी पडतं असं डॉक्टरांनी बजावलंय. सोयाचा एक डबा घरात ठेवलाय, खिरीसाठी, आणि तो आता चिऊच हलवून देते.