दहावीच्या क्लासची जाहिरात: होर्डिंग की पत्रक?

जाहिरातीने वाचकाला लक्ष, रस, इच्छा आणि कृती या ज्या चार पायऱ्यांवरून न्यायचे असते, त्या होर्डिंग आणि पत्रक या दोन्हीकडे त्याच असल्या, तरी चौकातले होर्डिंग दुचाकीवरून जाणारा पालक जेमतेम काही सेकंद पाहतो. म्हणून तिथे पहिली आणि शेवटची पायरीच पेलते. ‘दहावीचे गणित अडते?’ एवढी ठळक ओळ, खाली क्लासचे नाव, ‘बसस्थानकासमोर’ आणि मोठ्या अंकांतला फोन क्रमांक पुरेसा आहे. गुणवंतांचे वीस फोटो टाकले की एकही चेहरा ओळखू येत नाही.

वर्तमानपत्रातून येणारे पत्रक मात्र चहा घेता घेता वाचले जाते. ‘भूमितीच्या सिद्धता पाठ न करता लिहिता येतात’ या वाक्याने रस निर्माण होतो. ‘दर रविवारी चाचणी, तपासलेली उत्तरपत्रिका बुधवारी घरी’ या आश्वासनाने इच्छा जागते, कारण पालकाला ते पडताळता येते. ‘उत्कृष्ट मार्गदर्शन’ पडताळता येत नाही. कृतीसाठी ‘संपर्क साधा’पेक्षा ‘शनिवारी सायंकाळी 6 वाजता मोफत तास, नववीची गुणपत्रिका आणावी’ हे नेमके ठरते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरण्यास त्याची लेखी संमती लागते आणि त्याने घेतलेला अभ्यासक्रमही सांगावा लागतो. हा तपशील पत्रकावरच सुवाच्य मावतो. पैसे दोन्हींपैकी एकापुरतेच असतील, तर माझी पसंती पत्रकाला आहे.