जीडीत आधी बोलावं की थांबून बोलावं?

इंटर्नशिपसाठी कंपनी कॅम्पसवर येणार असली की आदल्या दिवशी दोन-चार मुलं तरी केबिनच्या दारात उभी असतात. "सर, जीडी मी स्टार्ट करू का?" जीडी म्हणजे निवडीच्या वेळी होणारी गटचर्चा. एका सीनियरने त्यांना सांगितलेलं असतं की सुरुवात करणाऱ्याकडे पॅनेलचं लक्ष जातं. दुसऱ्याने सांगितलेलं असतं की आधी सगळ्यांचं ऐकून घे, मग बोल. दोघेही निवडले गेलेले असतात, त्यामुळे दोघांचंही खरं वाटतं. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलसाठी मी बरीच वर्षं सराव जीडी घेतोय, खऱ्या जीडीही मागच्या खुर्चीवर बसून पाहिल्या आहेत. त्यावरून या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवतो.

आधी वेळेचा हिशोब. आमच्याकडे साधारणपणे आठ ते बारा मुलांचा एक गट असतो आणि चर्चा पंधरा मिनिटांची. विषय सांगितल्यावर एक-दोन मिनिटं विचाराला मिळतात, कागद-पेन बहुतेक वेळा चालतं. दहा मुलं धरली तर वाट्याला नव्वद सेकंद येतात. दोघं एकदम बोलण्यात, कुणीतरी लांबण लावण्यात जाणारा वेळ वजा केला की हातात उरतो जेमतेम एक मिनिट. म्हणजे तुमचा विचार किती स्वच्छ आहे हे पॅनेलला एका मिनिटाच्या बोलण्यातून आणि चौदा मिनिटांच्या ऐकण्यातून कळणार आहे. दुसरा भाग मुलं विसरतात. तुम्ही गप्प असताना कुणाकडे बघताय, काय लिहून घेताय, हेही समोरच्या शीटवर उतरत असतं.

आता एक विषय घेऊ, मी सरावात तो दर वर्षी देतो: "महिलांना एसटीचा प्रवास पूर्ण मोफत असावा का?" विषय आपल्या जवळचा आहे. प्रत्येकाला मत असतं आणि नेमकी तिथेच घसरगुंडी असते.

सुरुवात करणारा पहिला मुलगा बहुधा असं बोलतो: सगळ्यांना नमस्कार, आजचा विषय अमुक, स्त्री ही समाजाचा कणा आहे, सक्षमीकरण ही काळाची गरज आहे. चाळीस सेकंद गेली. या चाळीस सेकंदांत असं एकही वाक्य नाही ज्याला कुणी "नाही, मला पटत नाही" म्हणू शकेल. पॅनेलला कळलं ते एवढंच की याचा आवाज खणखणीत आहे. पुढच्या मुलाला चर्चा पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागते. शिवाय वाट्याच्या मिनिटातलं निम्म्याहून जास्त खर्चून झालं, ते वेगळंच.

आता याच विषयावरची दुसरी सुरुवात बघा. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने सरावात केली होती. चर्चा इंग्रजीत होती, तिची वाक्यं छोटी आणि साधी होती. तिचं म्हणणं असं: "महाराष्ट्रात मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहेच. त्यामुळे आपला प्रश्न उरलेल्या निम्म्याचा आहे. ते निम्मं माफ केल्याने आज घरी बसणारी बाई प्रवासाला निघेल का, आणि ते पैसे महामंडळाला कोण देईल, असे दोन भाग करून बोलूया का?" बोलायला वीस सेकंद लागली असतील.

तिने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पण प्रश्न लहान केला. "मोफत द्यावं का" या मोठ्या प्रश्नावर दहा जण दहा दिशांना गेले असते. "उरलेलं निम्मं द्यावं का" यावर मात्र बोलणं एका रुळावर येतं. उरलेला सगळा वेळ बाकीचे तिच्याच दोन भागांत बोलत होते आणि तिला पुन्हा फारसं बोलावंही लागलं नाही. पहिलं बोलण्याचा खरा फायदा हा आहे. चर्चेचा आराखडा तुमचा होतो. पण आराखडा असेल तरच.

या पद्धतीचा धोकाही खरा आहे. पहिल्याची चूक सगळ्यांसमोर उघडी पडते. त्याच विषयावर दुसऱ्या गटात एकाने सुरुवातच "आपल्याकडे बायकांना एसटीत काहीच सवलत नाही" अशी केली. गटात प्रत्येकाला नंबर दिलेला असतो, त्यातल्या तीन नंबरने लगेच दुरुस्त केलं. आता सुरुवात करणाऱ्या त्याने काय करावं? त्याने "पण ती सगळ्या गाड्यांना नाही" असं ठोकून दिलं, ते पुन्हा चुकीचं निघालं, आणि उरलेला वेळ तो स्वतःचा बचाव करत राहिला. "बरोबर, माझी माहिती चुकली. मग प्रश्न उरलेल्या निम्म्याचा आहे" एवढं म्हणाला असता तर तीच चूक त्याच्या फायद्याची ठरली असती. नवी माहिती कळल्यावर मत सरळपणे बदलणारा मुलगा पॅनेलवरच्या माणसाला लगेच दिसतो, कारण उद्या त्याच मुलाला हाताखाली घ्यायचंय. म्हणून पहिलं बोलायचं असेल तर ज्याबद्दल शंभर टक्के खात्री आहे तेवढीच माहिती घ्या. आकडा धूसर आठवत असेल तर तो सोडून द्या.

आता थांबून बोलण्याकडे वळू. हे सोपं वाटतं, पण मला विचाराल तर हेच जास्त अवघड आहे. थांबणारी मुलं दोन प्रकारची असतात. एक प्रकार स्वतःचा मुद्दा मनात घोळवत संधीची वाट बघतो. त्याला बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही. चौथ्या मिनिटाला त्याचाच मुद्दा दुसरा कुणीतरी बोलून टाकतो आणि मग याच्याकडे काहीच उरत नाही. तरीही तो आठव्या मिनिटाला तेच बोलतो, फक्त शब्द बदलून. पॅनेलला ते तिथल्या तिथे कळतं.

दुसरा प्रकार कागदावर नंबर लिहितो आणि पुढे दोन शब्द. "3 – तोटा कोण भरणार. 7 – कॉलेजच्या मुली. 2 – कर्नाटक." मग पाचव्या मिनिटाला तो आत येतो: "सात नंबर म्हणाली की भाड्यामुळे मुली कॉलेज सोडतात. तीन नंबर म्हणाला की महामंडळाचा तोटा वाढेल. मला वाटतं दोघांचं उत्तर गावागणिक बदलेल. ज्या गावात दिवसाला एकच गाडी येते तिथे अडचण तिकिटाची नसून गाडीची आहे. तिथे मोफत केलं तरी मुलगी घरीच बसेल. त्यामुळे तेच पैसे आधी फेऱ्या वाढवायला वापरावेत, आणि जिथे फेऱ्या पुरेशा आहेत तिथे सवलत वाढवावी."

दोघांची मतं घेतली, ती कुठे एकत्र बसतात आणि कुठे नाही ते सांगितलं, आणि स्वतःचं मत एका अटीवर मांडलं. हे काम पहिल्या मिनिटाला कुणालाच करता आलं नसतं, कारण तेव्हा जोडायला काही नव्हतं. स्वच्छ विचार दिसण्याची ही जागा उशिरा येणाऱ्याकडेच असते. उदाहरणंही इथेच जास्त चालतात. कर्नाटकाने जून 2023 मध्ये महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास दिला, पण त्याचे पैसे राज्य सरकार परिवहन महामंडळांना देतं. कुणी नुसतं "कर्नाटकने केलं, आपणही करू" म्हणालं की त्यावर हे दुसरं वाक्य ठेवायला हवं. मग "खर्च कुठल्या खिशातून" या, तिसऱ्या वर्षाच्या त्या मुलीने पाडलेल्या दुसऱ्या भागाकडे चर्चा आपोआप परत येते.

थांबण्याला मर्यादा मात्र आहे. पंधरा मिनिटांच्या चर्चेत पाचवं मिनिट उलटायच्या आत एकदा तरी तोंड उघडलेलं असावं. त्यानंतर गटात तीन-चार जणांचं एक वर्तुळ बनतं, ते एकमेकांकडेच बघून बोलतात आणि बाहेरच्याला आत शिरायला आवाज चढवावा लागतो. तुमचा गट पहिल्या मिनिटापासूनच मासळीबाजार झाला असेल तर थांबण्याची पद्धत जवळजवळ मोडीत निघते. अशा वेळी आवाज चढवू नका. बोलणाऱ्याकडे थेट बघा, थोडं पुढे झुका, आणि त्याने श्वास घेतला की त्याच्याच शेवटच्या शब्दापासून सुरुवात करा. तो "फेऱ्या" म्हणून थांबला तर तुमचं वाक्य "फेऱ्यांचाच प्रश्न घेऊ" असं निघावं. स्वतःचा शब्द ऐकला की माणूस अर्धं सेकंद थांबतो. तेवढं पुरतं.

वागण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण दोन्ही पद्धतींत ती सारखीच बिघडते. मुलांना कुणीतरी शिकवलेलं असतं की गप्प बसलेल्याला बोलायला लावलं की नेतृत्वाचे मार्क मिळतात. मग नवव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतो, "पाच नंबर अजून बोलली नाही, तिचं मत ऐकूया." सगळे तिच्याकडे वळतात, ती गोंधळते, काहीतरी पुटपुटते. तिची मदत झाली नाही, उलट ती उघडी पडली, आणि पॅनेलवरच्या अनुभवी माणसाला यामागचा हेतू कळतो. खरी मदत वेगळी दिसते. पाच नंबरने वाक्य सुरू केलं, मधेच आठ नंबरने तोडलं, तेव्हा "एक मिनिट, तिचं पूर्ण होऊ दे" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. ती बोलून झाल्यावर लगेच आपला मुद्दा पुढे सरकवायचा नाही.

शेवटी समारोप करू का, हाही प्रश्न येतो. त्याची तयारी करून जाऊ नका. पॅनेलने सांगितलं तर करा, आणि तेव्हा चर्चेत काय ठरलं, कशावर एकमत झालं नाही एवढंच सांगा. स्वतःचं मत तिथे घुसडलं की तो समारोप राहत नाही.

मग निवडायचं कसं? विचाराला मिळालेल्या मिनिटात कागदाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे लिहा: हा प्रश्न कुठल्या दोन लहान प्रश्नांत फुटतो? उजवीकडे लिहा: मला खात्रीने माहीत असलेली गोष्ट कोणती? मिनिट संपताना डावी बाजू भरलेली असेल तर पहिलं बोला, वीस-पंचवीस सेकंदांत संपवा. फक्त उजवी बाजू भरली असेल तर थांबा, नंबर लिहीत राहा, आणि ती गोष्ट कुणाच्या मुद्द्याला जोडता येते ते शोधा. दोन्ही बाजू रिकाम्या असतील, विषय अगदीच अनोळखी असेल, तर तुम्ही नक्कीच थांबणाऱ्यांत आहात. अशा वेळी पहिल्या दोन-तीन बोलणाऱ्यांना एक प्रामाणिक प्रश्न विचारणं हा पहिला प्रवेश म्हणून चालतो. "तीन नंबर, हा तोटा आज कोण भरून देतं, सरकार की महामंडळ?" असा प्रश्न माहिती नसणाऱ्यालाही विचारता येतो, आणि तो विचारल्यावर सगळ्या गटाला थांबून विचार करावा लागतो.