एनपीएसचं सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यावर: आकडा ठीक, पण तो ‘वेळ’ नावाचा रकाना डोक्यात जातो

नूतनीकरणाचं बिल आलं. त्यात ‘प्रतिक्रियांची स्वयंचलित वर्गवारी’ या एका ओळीपुढे मूळ वर्गणीइतकीच रक्कम होती, म्हणून हे लिहायला घेतलं. आमची पिंपरी-चिंचवडमध्ये वॉटर प्युरिफायर आणि एसी दुरुस्तीची सर्व्हिस एजन्सी आहे आणि सर्व्हिसचं काम मी बघते. कॉल क्लोज झाला की ग्राहकाला एसएमएस जातो, लिंकवर ‘आमचं नाव ओळखीच्यांना सुचवाल का?’ यासाठी शून्य ते दहा गुण आणि खाली ‘असं का वाटलं?’ हा मोकळा चौकोन. नऊ-दहा प्रमोटर, सात-आठ पॅसिव्ह, सहा आणि खाली डिट्रॅक्टर, प्रमोटरच्या टक्क्यांतून डिट्रॅक्टरचे टक्के वजा केले की एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

मांडणी सोपी आहे, मोबाइलवर नीट चालतं, मराठीत प्रश्न विचारता येतो. एसएमएसचा टेम्प्लेट आणि लिंक डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर मंजूर करून घेण्यात सुरुवातीला दमछाक झाली, पण ती कटकट कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी असतेच. गुण देण्याच्या पट्टीवर मात्र एक बदल पहिल्याच दिवशी करून घ्या: दोन्ही टोकांना शब्द लिहा. आमच्याकडे ‘एक नंबर काम!’ अशी शाबासकी आणि गुण १, अशी उत्तरं यायची. शून्याखाली ‘अजिबात नाही’ आणि दहाखाली ‘नक्की सुचवेन’ लिहिल्यावर ती जवळपास थांबली. जुनी तशी उत्तरं मी परस्पर बदलली नाहीत, बाजूला काढून ठेवली.

आता तो रकाना. सॉफ्टवेअर प्रत्येक प्रतिक्रिया वाचून तिला खण देतं: किंमत, वेळ, वागणूक, गुणवत्ता, इतर. मग कुठल्या खणात किती प्रतिक्रिया पडल्या त्याप्रमाणे वरून खाली यादी लावतं आणि सर्वांत वरच्याला लाल रंग देऊन ‘आधी हे सुधारा’ म्हणून दाखवतं. गेल्या तिमाहीत लाल रंगात ‘किंमत’ होती आणि तिच्या पाठोपाठ ‘वेळ’. मालकांनी ते बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, व्हिजिट चार्ज कमी करायचा का? नाहीतर दोन टेक्निशियन वाढवू.” दोन्ही महागडी औषधं. मी म्हटलं, सर, आठ दिवस द्या, प्रतिक्रिया मी स्वतः वाचते.

तिमाहीत ४०० उत्तरं होती. १८० प्रमोटर, १२० पॅसिव्ह, १०० डिट्रॅक्टर, म्हणजे एनपीएस २०. किंमतीबद्दल ६० जणांनी लिहिलं होतं, पण त्यांचे गुण बघितले तर २५ प्रमोटर आणि १५ डिट्रॅक्टर. म्हणजे ‘महाग आहे’ म्हणणाऱ्यांचा स्वतःचा एनपीएस १७ निघाला, सगळ्यांच्या सरासरीच्या आसपासच. लोक महाग म्हणतात आणि तरी शेजाऱ्याला आमचाच नंबर देतात. तक्रार किती जणांनी केली यापेक्षा ती करणारे बाकीच्यांपेक्षा किती जास्त नाराज आहेत, हे बघावं लागतं, आणि या यादीत नेमकं तेच दिसत नाही.

‘वेळ’ खणात ५४ प्रतिक्रिया होत्या, त्यात ३२ डिट्रॅक्टर. म्हणजे इथे खरंच दुखतं. पण या खणात काय काय कोंबलं होतं बघा. वाकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘दहा ते दोनचा स्लॉट दिला, ऑफिसला सुट्टी टाकून बसले, शेवटी फोन मीच केला.’ गुण २. त्याच खणात भोसरीचे एक गृहस्थ: ‘तासभर उशीर झाला पण आधी कळवलं होतं. काम चोख.’ गुण ९. आणि तिसरे: ‘फिल्टर बदलायला दोन तास कशाला लागतात?’ तिघांनाही एकच लेबल, ‘वेळ’. टेक्निशियनना कॉल वाटून देणारा आमचा डिस्पॅचर यावरून काय समजणार?

मी ते ५४ हाताने फोडले. उशीर झाला पण कळवलं होतं, असे १६, त्यात ७ प्रमोटर आणि फक्त ३ डिट्रॅक्टर. काम लांबलं असे ८. आणि ताटकळत ठेवलं, कोणी कळवलंच नाही, असे ३०. त्या ३० मध्ये प्रमोटर १, डिट्रॅक्टर २४. म्हणजे या गटाचा एनपीएस उणे ७७! उशिरा आल्याचा राग कमी होता, न सांगता बसवून ठेवल्याचा जबरदस्त होता. दोन टेक्निशियन वाढवले असते तर उशीर थोडा कमी झाला असता आणि राग बहुतेक होता तिथेच राहिला असता. निघण्याच्या अर्धा तास आधी फोन करायला मात्र जवळजवळ काहीच खर्च नाही.

या एका खणासाठी मी कंपनीच्या सपोर्टला मेल केला: ‘वेळ’चे तीन उपखण करून द्या. उत्तर आलं की मूळ खण बदलता येत नाहीत, मागणी नोंदवून घेतली आहे. आणि संध्याकाळी त्यांच्याकडूनच सर्व्हे आला, ‘तुमची तक्रार सोडवली गेली आहे, शून्य ते दहा गुण द्या.’ मी ३ दिले आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या बहुधा त्यांच्या ‘वेळ’ खणात पडल्या असाव्यात.

इथपर्यंत माझं मत होतं की पैसे फुकट गेले. ते बदललं ते एक्सपोर्टमुळे. मूळ वर्गणीतच प्रत्येक उत्तर जॉब कार्ड नंबरासकट एक्सेलमध्ये उतरवता येतं, आणि हे मी आधीच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं नव्हतं. जॉब कार्ड नंबर असला की ग्राहक काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय घडलं, हे शेजारी शेजारी ठेवता येतं. कॉल कोणत्या स्लॉटचा होता, टेक्निशियन किती वाजता पोचला, त्याच पत्त्यावर ३० दिवसांत पुन्हा कॉल पडला का, सगळं जुळतं.

वर्गवारी स्वतः करणं वाटतं तितकं कष्टाचं नाही. आधी शंभरेक प्रतिक्रिया काहीही खण न ठरवता नुसत्या वाचायच्या. मग खण ठरवायचे, आणि खणाचं नाव असं की वाचताक्षणी कुणी काय करायचं ते कळावं. ‘वेळ’ नाही, ‘येण्याआधी कळवलं नाही’. एका प्रतिक्रियेला दोन-तीन खण चालतात, प्रत्येक खणाला एक स्तंभ आणि त्यात १. त्यातल्या पन्नास दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे करून घ्यायच्या. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे खणाची व्याख्या ढिली आहे. रोमन लिपीतली मराठीही माणसाला नीट कळते. ‘tech chan hota pan 3 vela phone karava lagla’ हे सॉफ्टवेअरने ‘इतर’मध्ये टाकलं होतं. गुण B मध्ये आणि खण D मध्ये असेल तर त्या खणाचा एनपीएस असा:

```
=(COUNTIFS(B:B,">=9",D:D,1)-COUNTIFS(B:B,"<=6",D:D,1))/COUNTIFS(D:D,1)*100
```

यानंतरचा हिशोब कुठल्याच डॅशबोर्डवर मला दिसला नाही, आणि क्रम ठरवताना खरा उपयोगी तोच. ‘कळवलं नाही’ म्हणणाऱ्या २४ डिट्रॅक्टरांपैकी सगळे निदान पॅसिव्ह झाले, तर ४०० मध्ये २४, म्हणजे एनपीएस ६ ने वाढेल. पण त्यातल्या ९ जणांची दुसरीही तक्रार होती की आठवड्यात तोच बिघाड परत आला. त्यांना नुसता फोन केल्याने ते खूश होणार नाहीत. म्हणजे फोनच्या एका सुधारणेतून भरवशाचे १५ जण, पावणेचार गुण. ‘बिघाड परत आला’ या खणातही २४ डिट्रॅक्टर होते. कागदावर दोन्ही सारखेच, पण त्यासाठी टेक्निशियनच्या बॅगेत सुटे भाग वाढवावे लागतात, प्रशिक्षण द्यावं लागतं, आणि परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. म्हणून आधी फोन, त्याच्या मागोमाग सुटे भाग, आणि व्हिजिट चार्जला हातच लावायचा नाही, असं ठरलं. मालकांना हा क्रम पटला, कारण पहिल्या ओळीपुढे खर्चाचा आकडाच नव्हता.

एक धोका मात्र सांगते. ४०० उत्तरांवर आमच्या एनपीएसची चूक-मर्यादा, म्हणजे नुसत्या योगायोगाने होऊ शकणारी वर-खाली, साधारण अधिक-उणे ८ आहे. प्रमोटरचा आणि डिट्रॅक्टरचा वाटा मिळवायचा (०.७०), त्यातून एनपीएसचा वर्ग वजा करायचा (०.०४), ४०० ने भागून वर्गमूळ काढायचं आणि १.९६ ने गुणायचं. दोन तिमाहींतला फरक बघायचा तर ती मर्यादा ११ च्या पुढे जाते. म्हणजे आमची पावणेचार गुणांची सुधारणा शंभर टक्के यशस्वी झाली तरी एनपीएसच्या आकड्यात ती उठून दिसेलच असं नाही! सॉफ्टवेअर मात्र महिन्याला दोन गुण वाढले तरी हिरवा बाण दाखवतं, आणि मालक त्या बाणावर खूश होतात. म्हणून आम्ही फोनची सुधारणा एनपीएसवर मोजतच नाही. ‘तुमचा माणूस कुठे आहे?’ असं विचारायला ऑफिसात येणारे फोन रोज वहीत लिहितो. ते निम्म्यावर आले, आणि हे कळायला तिमाही संपायची वाट बघावी लागली नाही.

आणखी दोन उणिवा थोडक्यात. काम झाल्यावर ग्राहकाने सांगितलेला हॅपी कोड टाकला की सर्व्हे लगेच जातो, तेव्हा टेक्निशियन समोरच उभा असतो आणि ‘साहेब, दहा द्या’ म्हणतो. सेटिंगमध्ये एक दिवसाचा उशीर लावा. दुसरं, ज्यांनी कंटाळून कॉल रद्द केला त्यांना सर्व्हे जातच नाही, आणि सर्वांत नाराज लोक तेच. त्यातल्या काहींना आम्ही दर आठवड्याला फोन करून कारण विचारतो, पण ते आकडे एनपीएसमध्ये मिसळत नाही.

आणि बाहेरच्या कंपन्यांशी तुलना करू नका. फ्रेड रायकेल्ड यांनी हा आकडा २००३ मध्ये अमेरिकेत मांडला. आपल्याकडे आठ गुण देणारा माणूस मनापासून कौतुक करत असतो आणि गणितात तो शून्य मोजला जातो. आपलाच मागचा आकडा बघावा.

वर्गणी पुन्हा भरली, पण फक्त मूळ योजनेची. स्वयंचलित वर्गवारी बंद केली. तिमाहीला दोनेकशे प्रतिक्रिया हाताने लावायला मला आणि डिस्पॅचरला मिळून एक दुपार पुरते. महिन्याला हजारो उत्तरं येत असतील तर तुम्हाला स्वयंचलित वर्गवारी लागेल, पण पैसे देण्याआधी खण स्वतः बदलता येतात का ते लेखी विचारून घ्या.