‘तपासले’ अशी सही, आणि तपासलं कुणीच नव्हतं

खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी आमचा व्यवसाय आराखडा जर्मन भाषेत द्यायचा होता. अनुवाद करून देणाऱ्या संस्थेने दोन माणसांचे पैसे घेतले. एक हिशेबातला जाणकार अनुवादक, दुसरा तपासनीस. सोबत सहीचा कागदही दिला: ‘गृहीतके आणि तक्ते एकमेकांशी ताळून पाहिले आहेत.’ तो कागद पाहून मी निर्धास्त झाले आणि सगळं तसंच बँकेत दिलं.

आठवड्याभरात बँकेतून प्रश्न आला. गृहीतकांत ग्राहक ३० दिवसांनी पैसे देतात असं लिहिलंय, मग महिन्याला १,२०० हजारांची उधार विक्री असताना येणी १,८०० हजार कशी?

आमच्या मूळ कागदात ग्राहकांचे ४५ दिवस आणि पुरवठादारांचे ३० दिवस होते. दीड महिन्याची विक्री अडकलेली, म्हणून १,८००. अनुवादात येणी आणि देणी यांची अदलाबदल झाली होती. ३० दिवस धरले तर येणी १,२०० च निघतात. म्हणजे बँकेच्या नजरेत मी ६०० हजारांची गरज फुगवून दाखवत होते! मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

मग मी तक्ता नीट पाहिला. जर्मनमध्ये स्वल्पविराम दशांशासाठी वापरतात आणि हजारांसाठी टिंब. काही ओळींत टिंब दिलेलं होतं, काहींत आमचा स्वल्पविराम तसाच. तिथे बाराशेचं एक पूर्णांक दोन होतं. आमच्या एक्सेल फाइलमधली सूत्रं गेली होती, नुसते आकडे टाइप केलेले होते. त्यामुळे ४५ च्या जागी ३० घालून पाहिले तरी काहीच हलत नव्हतं. सूत्रं असती तर ही चूक मिनिटात सापडली असती.

तपासनीसाचं नाव विचारलं तर संस्था टाळाटाळ करत राहिली. शेवटी अनुवादक बाईंशीच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “मॅडम, मला फक्त गृहीतकांची पानं दिली होती. तक्ते मी पाहिलेच नाहीत.” तक्ते दुसऱ्याच कुणीतरी टाइप केले होते. दोन्ही भाग एकत्र ठेवून वाचणारं माणूस नव्हतंच. त्या बाईंवर माझा राग नाही. न केलेल्या कामाची सही विकली ती संस्थेने.

तुम्ही असं काम देणार असाल तर सूत्रांसकट फाइल परत मागा. ती हाती आली की अनुवादित गृहीतकांवरूनच, मूळ कागद बाजूला ठेवून, एका महिन्याची येणी, देणी आणि रोख शिल्लक स्वतः काढा. भाषा येत नसेल तर ती जाणणाऱ्या कुणाकडून फक्त दिवस आणि टक्के यांच्या ओळी तोंडी वाचून घ्या. आकडा तक्त्याशी जुळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. मी पूर्ण रक्कम आगाऊ दिली होती, ती अजून परत मिळालेली नाही. अर्ज मात्र दुसऱ्या अनुवादकाकडून दुरुस्त करून पुन्हा दिला आहे.