कर्ण पलटत बसणारी त्रिकोणजाळी: आठ महिन्यांचा वापर आणि ओढ्यात उगवलेला बांध

ज्यांनी टोटल स्टेशनचे शॉट घेऊन कंटूर काढले आहेत, त्यांना त्रिकोणजाळी म्हणजे काय ते सांगायला नको. विखुरलेले बिंदू जोडून त्रिकोण करायचे आणि शेजारच्या दोन त्रिकोणांच्या चौकोनात दुसरा कर्ण बरा दिसला तर पलटायचा. पलटण्याजोगे काही उरले नाही की थांबायचे. ही रीत 1970 च्या दशकात लॉसनने मांडली, आणि शेवटी मिळणारी जाळी म्हणजे देलोनेने 1934 मध्ये वर्णन केलेलीच. दिलेल्या बिंदूंवर जितक्या जाळ्या बनतात त्या सगळ्यांत हिचा सर्वांत लहान कोन मोठ्यात मोठा असतो.

तयार सॉफ्टवेअरचे वार्षिक लायसन्स फक्त कंटूरसाठी भरणे जिवावर येते, म्हणून पायथनमधली दीडशे ओळींची स्वतःची स्क्रिप्ट. आठ महिने ती पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवरच चालली: सूस, बावधन, रामनदीला मिळणाऱ्या लहान ओढ्यांच्या कडेचे प्लॉट. हे सगळे लिहायचे कारण एकच. एका ओढ्याचा नकाशा परत आला. ओढ्यात पाणी वाहायची वाट होती तिथे कंटूर बंद झाले होते, जणू कोणीतरी दर बारा मीटरवर बांध घातला आहे.

आधी चांगले सांगतो. पलटण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. सामाईक बाजू AB, तिच्या एका अंगाला C, दुसऱ्या अंगाला D. C आणि D इथल्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा जास्त असेल तर AB काढून CD टाका. हेच दुसऱ्या शब्दांत: D हा ABC च्या परिवर्तुळाच्या आत आहे का? चौकोन बहिर्वक्र आहे की नाही हे वेगळे तपासावे लागत नाही. तो आत वळलेला असेल तर या दोन कोनांची बेरीज 180 च्या वर जाऊच शकत नाही. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ही जादा तपासणी घातली होती, ती पुढे काढून टाकली.

कोन मोजायला `atan2` वापरू नका. हे पुरते:

```python
def incircle(a, b, c, d):
    ax, ay = a[0]-d[0], a[1]-d[1]
    bx, by = b[0]-d[0], b[1]-d[1]
    cx, cy = c[0]-d[0], c[1]-d[1]
    return ((ax*ax+ay*ay)*(bx*cy-cx*by)
          - (bx*bx+by*by)*(ax*cy-cx*ay)
          + (cx*cx+cy*cy)*(ax*by-bx*ay))
```

a, b, c घड्याळाच्या उलट क्रमाने द्यायचे. उत्तर शून्याहून मोठे आले तर d वर्तुळाच्या आत, म्हणजे पलटा. शून्य आले तर हात लावू नका.

पहिले तीन महिने माझी सगळी चिडचिड या शून्यापाशी होती. 10 मीटरच्या ग्रिडवर स्क्रिप्ट संपेचना. तोच कर्ण इकडून तिकडे, तिकडून इकडे. तेव्हा पद्धतीलाच नावे ठेवली. ते चुकीचे होते. ग्रिडमधल्या प्रत्येक चौरसाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, तिथे उत्तर काटेकोर शून्य यायला हवे. शिवाय जुन्या सूत्रात d वजा न करता थेट यूटीएमचे आकडे गुणले जात होते. पुण्यात पूर्व अंतर सुमारे 3,79,000 आणि उत्तर अंतर सुमारे 20,48,000. या आकड्यांचे चौथ्या घातापर्यंत गुणाकार झाले की एकेक पद 10²⁴ च्या घरात जाते. संगणकाच्या दशांशात साधारण सोळा अंक टिकतात, म्हणजे चूक 10⁸ च्या घरात, आणि आपण शोधतो आहोत ते खरे उत्तर काही हजारांत. चिन्ह कुठले येईल ते नशिबावर.

उपाय फुकट आहे. साइटचा एक कोपरा वजा करा, सगळे मिलिमीटरमध्ये पूर्णांक करा. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होतात, त्यामुळे वरचे सूत्र तंतोतंत चालते आणि शून्य म्हणजे शून्यच येते. ज्यांना सी मध्ये लिहायचे आहे त्यांनी मात्र 64 बिटांच्या मर्यादेकडे बघावे. एक किलोमीटरची साइट मिलिमीटरमध्ये तिथे मावत नाही.

एक पडताळणी कायम चालू ठेवा. प्रत्येक बिंदू x²+y² एवढ्या उंचीवर उचलला अशी कल्पना केली, तर प्रत्येक पलटीत तो काल्पनिक पृष्ठभाग खाली जातो, कधीच वर येत नाही. म्हणून एकदा काढलेली बाजू परत येत नाही. n बिंदूंत जोड्याच n(n−1)/2. 400 शॉटना 79,800. पलट्यांचा आकडा त्याच्या वर गेला तर डेटा वाईट नाही, स्क्रिप्ट चुकली आहे. बहुतेक वेळा चूक शेजारी-नोंदींत सापडते: पलटल्यावर बाहेरच्या चार बाजूंपैकी दोन बाजूंचा त्रिकोण बदलतो, आणि नेमक्या त्या दोन नोंदी विसरल्या जातात. बाकी दोन आपोआप बरोबर असतात, त्यामुळे लहान उदाहरणात सगळे ठीक दिसते. पलटल्यावर या चारही बाजू पुन्हा रांगेत टाकायच्या, एवढेच.

आता ओढा. इथेच माझे मत दोनदा बदलले.

ओढ्याच्या तळात दोन शॉट: A (0, 0) आणि B (12, 0), मीटरमध्ये. मध्यावर एका काठाला C (6, 2), दुसऱ्या काठाला D (6, −3). आरएल अनुक्रमे A 588.20, B 587.90, C 590.10, D 590.40. साधा, अरुंद, पाच मीटर रुंदीचा ओढा.

AB जोडला तर C इथे कोन 143.13 अंश, D इथे 126.87. बेरीज 270. वरच्या सूत्रात आकडे घातले तर उत्तर 1800, शून्याहून खासे मोठे. स्क्रिप्ट पलटते. आधी सर्वांत लहान कोन 18.43 अंश होता, CD टाकल्यावर 45. पद्धतीच्या हिशेबाने काम फत्ते.

जमिनीचे काय झाले? AB वर मध्याची पातळी 588.05. CD वर त्याच ठिकाणी 590.22. ओढ्याच्या तळात 2.17 मीटर उंच बांध उभा राहिला. या दोन पृष्ठभागांमधला फरक म्हणजे 30 चौरस मीटर पायाचा आणि 2.17 मीटर उंचीचा पिरॅमिड: 21.7 घनमीटर, साडेसात ब्रासहून जास्त. 300 मीटर ओढ्यात असे पंचवीस चौकोन धरा, 190 ब्रासच्या आसपास माती फक्त कागदावर. भरावाचे बिल ब्रासवर निघते, हे वेगळे सांगायला नको.

नकाशा परत आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया: पद्धत बेकार. मग लक्षात आले की तिने सांगितले तेच केले. तिला फक्त x आणि y दिसतात, पलटताना आरएल कुठेच विचारला जात नाही. सर्वांत लहान कोन मोठा करणे आणि जमिनीची वाट ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे मत असे झाले की शॉट दाट घ्यावेत. याचा नेमका हिशेब आहे. AB हा व्यास धरून काढलेल्या वर्तुळाच्या आत एकही दुसरा बिंदू नसेल, तर AB ला कोणी हटवू शकत नाही. म्हणजे तळातल्या लागोपाठच्या दोन शॉटमधले अंतर जवळच्या काठाच्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नको. इथे C दोन मीटरवर, म्हणून चार मीटर. (4, 0) आणि (8, 0) असे दोन शॉट मध्ये घेतले की C इथे बरोबर 90 अंश, D इथे 67.4; बेरीज 157.4, कर्ण जागेवर राहतो. नियम पक्का आहे. पण तळातले शॉट तिप्पट होतात, आणि प्रिझम घेऊन घाणेरीतून ओढ्यात उतरणाऱ्या पोराला हा नियम सांगून बघा.

म्हणून तिसरे, सध्याचे मत: ब्रेकलाइन. शॉट घेताना तळाला `NL` कोड आणि क्रम द्यायचा, स्क्रिप्टने लागोपाठचे `NL` जोडून त्या बाजूंवर कुलूप लावायचे. कुलूप असलेली बाजू परीक्षेला बसतच नाही. जाळीत ती बाजू आधीपासून नसेल तर तिला छेदणाऱ्या बाजू एकेक करून पलटत जायचे. इथे मात्र चौकोन बहिर्वक्र आहे का हे तपासावेच लागते, कारण आता आपण परीक्षेविरुद्ध पलटतो आहोत. नसेल तर ती बाजू रांगेच्या शेवटी ढकलायची. ब्रेकलाइन मध्येच दुसऱ्या शॉटवरून जात असेल तर तिचे दोन तुकडे करायचे. आणि कोड चुकून दोन ब्रेकलाइन एकमेकींना छेदल्या तर ही रांग कधीच रिकामी होत नाही, म्हणून आधीच सगळ्या जोड्या तपासून चूक फेकावी.

किंमत? वरच्या चौकोनात सर्वांत लहान कोन पुन्हा 18.43. चालेल. कुलपांखेरीज उरलेल्या जाळीत तो शक्य तितका मोठाच राहतो.

बांध ओळखायची सोपी खूण: ओढ्यात कंटूरचे टोक चढाकडे जाणारे इंग्रजी व्ही दिसले पाहिजे. त्याऐवजी तळात लागोपाठ बंद वळी दिसली, तर ती डबकी नाहीत, कर्ण आडवे पडले आहेत. स्क्रिप्टला दोन काठांच्या कोडमधली प्रत्येक बाजू लाल रंगात काढायला सांगितले की पाच मिनिटांत सगळे बांध हाताशी येतात.

बाहेरच्या सीमेवरचे चिरे, म्हणजे लांबलचक अरुंद त्रिकोण, पलटून जात नाहीत. सीमेची बाजू एकाच त्रिकोणाची असते, तिला पलटायला चौकोनच नाही. 25 मीटरपेक्षा लांब सीमाबाजू असलेले त्रिकोण काढून टाकणे पुरते, मात्र कडेच्या ब्रेकलाइनला धक्का लागत नाही ना ते बघा.

वेगाबद्दल तक्रार नाही. बिंदू x प्रमाणे लावून सुरुवातीची जाळी केली तर चिरेच चिरे बनतात आणि पलट्या वाढतात. वाईटात वाईट n² च्या प्रमाणात. पाचेकशे शॉटच्या प्लॉटला ते जाणवतही नाही.

लायसन्स अजून घेतलेले नाही. एक अडचण मात्र ब्रेकलाइननेही सुटत नाही: दोन `NL` शॉटमध्ये ओढा वळला असेल तर कुलूप लावलेली सरळ रेषा काठातून जाते, आणि तिथे बांधाऐवजी काठ कापला जातो. वळणावर एक शॉट जास्त घ्यावाच लागतो, घाणेरी असली तरी.